बाळंतपणानंतर लगेच दुसरं मूल: शरीरातलं लोहाचं कोठार भरायला किती महिने लागतात

प्रश्न: मी इंदूरला असते, वय २७, वजन ४६ किलो. मुलगी आठ महिन्यांची आहे, सिझेरियन झालं होतं. दूध अजून पाजते. पाळी गेल्या महिन्यात पहिल्यांदा आली. हिमोग्लोबिन १०.४ आहे. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर महिना-दीड महिना घेतल्या, मग सुटल्या. सासूबाई म्हणतात, पाठोपाठ दुसरं झालं की एकदाच मोकळी होशील. डॉक्टर म्हणतात दोन वर्षं थांब. शरीर भरून यायला खरंच इतका वेळ लागतो का? आणि मध्येच राहिलं तर?

उत्तर: आधी अंतर कुठून कुठपर्यंत मोजायचं ते ठरवू, कारण घराघरांत इथेच घोळ होतो. डॉक्टर ‘दोन वर्षं’ म्हणतात ती पहिल्या बाळाच्या जन्मापासून पुढचा गर्भ राहीपर्यंतची. दोन मुलांच्या वयांतलं अंतर त्याहून नऊ महिन्यांनी जास्त, म्हणजे पावणेतीन वर्षांच्या आसपास होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली तज्ज्ञांना एकत्र बसवून हा सल्ला ठरवला: जिवंत बाळ जन्मल्यानंतर पुढच्या गर्भासाठी निदान २४ महिने थांबावं.

२४ हा आकडा म्हणजे अशी काही रेघ नाही, की २३व्या महिन्यात संकट आणि २५व्यात निर्धास्त. धोका सगळ्यात जास्त पहिल्या सहा महिन्यांत गर्भ राहिला तर असतो. तिथून तो हळूहळू उतरतो आणि दीड वर्षाच्या पुढे बराच खाली येतो. अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून २००६ साली जे विश्लेषण प्रसिद्ध झालं, त्यात सहा महिन्यांच्या आत राहिलेल्या गर्भांत अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीची शक्यता, १८ ते २३ महिन्यांचं अंतर असलेल्यांच्या तुलनेत, साधारण ४० टक्क्यांनी जास्त दिसली आणि बाळ कमी वजनाचं होण्याची साधारण ६० टक्क्यांनी. टक्केवारीने घाबरून जाऊ नका. चांगलं अंतर असलेल्या शंभर जणींत दहा जणींना अपुऱ्या दिवसांचं बाळ होत असेल, तर लगेच राहिलेल्या शंभरांत ती संख्या तेरा-चौदा होते, एवढा त्याचा अर्थ. पुढे एकाच आईच्या वेगवेगळ्या बाळंतपणांची आपसांत तुलना झाली, तेव्हा हा फरक काही ठिकाणी आणखी कमी भरला. लगेच गर्भ राहणाऱ्या बायकांची परिस्थिती, खाणंपिणं, दवाखान्यात जाणंयेणं आधीच वेगळं असतं, तोही वाटा त्या आकड्यांत मिसळलेला होता. पण जिची साठवण रिकामी आहे तिला ही सूट लागू पडत नाही. तुमचं १०.४ तेच सांगतंय, म्हणून लोहाबद्दल सविस्तर लिहिते.

एका गरोदरपणाला एकंदर १००० मिलिग्रॅमच्या आसपास लोह लागतं. त्यातलं ३०० बाळ आणि वार घेऊन जातात. साधारण ४५० आईचं स्वतःचं रक्त वाढवण्यात जातं, आणि उरलेलं रोजची झीज व बाळंतपणातला रक्तस्राव यांत. यात निसर्गाने एक सोय केली आहे. आईचं जे रक्त वाढलेलं असतं ते प्रसूतीनंतर पुन्हा आटतं आणि त्यातलं लोह कोठारात, म्हणजे मुख्यतः यकृतात आणि हाडांच्या मगजात, परत जमा होतं. मात्र परतावा किती मिळणार ते रक्त किती गेलं यावर ठरतं. हिमोग्लोबिन १० असेल तर एक मिलिलिटर रक्ताबरोबर ०.३४ मिलिग्रॅम लोह जातं. साध्या बाळंतपणात अर्धा लिटरपर्यंत रक्त जातं, सिझेरियनमध्ये बहुधा त्याहून जास्त, कधी लिटरभरही. लिटरभर गेलं असेल तर ३४० मिलिग्रॅम तिथेच संपलं. शिवाय गरोदरपणातच लोह कमी असेल तर रक्त पुरेसं वाढलेलंच नसतं, म्हणून परत यायलाही थोडंच असतं. सिझेरियन झालेली आणि आधीपासून रक्त कमी असलेली बाई अशी दोन्हीकडून मागे राहते.

आता तुमचाच हिशोब मांडू. ४६ किलो वजनाच्या बाईच्या शरीरात साधारण तीन लिटर रक्त असतं. गरोदर नसताना हिमोग्लोबिन निदान १२ हवं, तुमचं १०.४ आहे. म्हणजे दर १०० मिलिलिटरमागे १.६ ग्रॅम कमी, तीन लिटरमागे ४८ ग्रॅम. एका ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये ३.४ मिलिग्रॅम लोह असतं, तेव्हा रक्तातली तूट झाली सुमारे १६५ मिलिग्रॅम. हा झाला रिपोर्टमध्ये दिसणारा भाग. न दिसणारा भाग कोठाराचा: गरोदरपण अंगावर न येता निभावायचं तर सुरुवातीला ५०० मिलिग्रॅमच्या आसपास साठा हवा, आणि हिमोग्लोबिन १०.४ असलेल्या बाईचा तो बहुतेक शून्याजवळ असतो. शरीर आधी कोठार उपसतं, ते संपल्यावरच हिमोग्लोबिन उतरू लागतं. दोन्ही मिळून तुम्हाला साधारण ६६५ मिलिग्रॅम भरायचं आहे.

नुसत्या जेवणातून ते भरेल का? भाजी-पोळी-वरण-भात जेवणाऱ्या बाईला दिवसाला जेमतेम एक मिलिग्रॅम लोह अंगी लागतं. ताटात त्याच्या दहा-पंधरा पट असतं, पण धान्य-डाळीतलं लोह फार थोडं शोषलं जातं. खर्चाची बाजू पाहा. रोजची नैसर्गिक झीज ०.८ मिलिग्रॅम, दुधावाटे ०.३, आणि पाळी सुरू झाली की तिची सरासरी रोजी अर्धा मिलिग्रॅम. दूध चालू, पाळीही चालू, म्हणजे खर्च जमेपेक्षा जास्त. तुम्ही आज नेमक्या याच टप्प्यावर आहात. दूध सुटल्यावर, जेवण सुधारून रोज अर्धा मिलिग्रॅम शिल्लक टाकली असं धरलं, तरी ५०० मिलिग्रॅमला हजार दिवस लागतात. पावणेतीन वर्षं. म्हणून गोळ्यांशिवाय भरून येऊ पाहणाऱ्या शरीराला दोन वर्षंसुद्धा तोकडी पडतात.

गोळीने हे गणित बदलतं. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. शरीर लोहाला भुकेलेलं असतं तेव्हा त्यातलं दहा ते पंधरा टक्के, म्हणजे आठएक मिलिग्रॅम शोषलं जातं. या वेगाने रक्तातली १६५ची तूट कागदावर तीन आठवड्यांत भरते. प्रत्यक्षात नवं रक्त तयार व्हायला वेळ लागतो आणि गोळ्या चुकतातही, तेव्हा दीड-दोन महिने धरा. मग गाडी मंदावते. साठा वाढू लागला की आतडं लोह आत घेणं कमी करतं, आणि त्याच गोळीतून सरासरी चार मिलिग्रॅमच मिळतं. ५०० भागिले ४, म्हणजे आणखी सव्वाशे दिवस. एकूण सहा महिने. ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात बाळंतपणानंतर १८० दिवस रोज गोळी सांगितली आहे ती उगीच नाही. हा हिशोब ढोबळ आहे, माणसागणिक थोडा मागेपुढे होतो, पण चूक कुठे होते ते त्यात नेमकं दिसतं: दीड महिन्यात थकवा जातो, हिमोग्लोबिन वर येतं, ‘आता बरी आहे’ म्हणून गोळ्या सुटतात, आणि कोठार रिकामंच राहतं. अशा वेळी गर्भ राहिला की पहिले तीन महिने काही जाणवत नाही, कारण तेव्हा गरज थोडी असते. शेवटच्या तीन महिन्यांत ती रोज सहा-सात मिलिग्रॅमवर जाते आणि आठव्या महिन्यात हिमोग्लोबिन ८ निघतं.

कोठार भरलं की नाही हे फेरिटिन तपासणीत कळतं. ढोबळ मानाने फेरिटिनचा एक आकडा म्हणजे आठ मिलिग्रॅम साठा. फेरिटिन १५च्या खाली असेल तर कोठारात काहीच नाही, ३० म्हणजे साधारण २४० मिलिग्रॅम, आणि ५०० हवं असेल तर ६०च्या आसपास यायला हवं. ही तपासणी ताप, सर्दी किंवा अंगात कुठे सूज असताना करू नका, तेव्हा आकडा खोटा वाढतो. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतही तसंच होतं. तुमच्या बाबतीत गोळ्या सहा महिने पूर्ण झाल्यावर एकदा केली की पुरे.

आता गोळी कशी घ्यायची, कारण आपल्या इंदुरी सकाळीत तिचा बळी जातो. पोह्यांवर लिंबू पिळलेलं असतं, ते लोहाला मदतच करतं. पण पोह्यांमागोमाग येणारा चहा त्यावर पाणी फिरवतो. चहातली तुरट द्रव्यं लोह बांधून टाकतात. गोळीच्या आधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी नको, दूधही नको. कॅल्शियमची गोळी लोहाबरोबर कधीच नाही, दोन तासांचं अंतर ठेवा. सगळ्यात सोपं म्हणजे लोह सकाळी उठल्यावर लिंबूपाण्याबरोबर आणि कॅल्शियम जेवणाबरोबर. उपाशीपोटी मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. थोडं कमी शोषलं जाईल, पण गोळी सोडण्यापेक्षा ते कितीतरी बरं. शौच काळी होते, त्याला घाबरू नका. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू जरूर खा, त्यांतून उष्मांक चांगले मिळतात आणि दूध पाजणारीला ते हवेच असतात. मात्र एका लाडवातून अंगी लागणारं लोह अगदी नगण्य आहे, तो गोळीला पर्याय होत नाही. अळीव दुधाच्या खिरीपेक्षा नारळपाण्यात भिजवून, वर लिंबू पिळून घेतलेला बरा.

चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन पुन्हा तपासा. साधारण एक ग्रॅम वाढ दिसायला हवी. नाही दिसली तर आधी स्वतःला विचारा: गोळ्या खरोखर रोज झाल्या का, आणि ॲसिडिटीची रोजची गोळी चालू आहे का? ती लोहाचं शोषण अडवते. पाळीत फार रक्त जातं का, पोटात जंत आहेत का, हेही पाहावं लागतं. एवढ्यानेही उलगडलं नाही तर डॉक्टरांना थॅलेसेमिया मायनरची तपासणी आणि बी-१२ यांबद्दल विचारा. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता फार आढळते, आणि ती असताना लोह कितीही घेतलं तरी हिमोग्लोबिन अडून बसतं.

दुसरी साठवण फॉलेटची, म्हणजे गोळीत फॉलिक ॲसिड म्हणून असतं त्या जीवनसत्त्वाची. तिची गोष्ट निराळी आहे, कारण तिथे प्रश्न वेळेवर साठा असण्याचा आहे. गरोदरपणाच्या उत्तरार्धात आईच्या रक्तातलं फॉलेट उतरायला लागतं आणि प्रसूतीनंतरही काही काळ खालीच राहतं, कारण दुधातलं फॉलेट शरीर काही झालं तरी टिकवून धरतं आणि ते आईच्या वाट्यातून जातं. इकडे पुढच्या बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत बंद होते. पाळी चुकली हे लक्षात येईपर्यंत निम्मा काळ उलटलेला असतो. नियोजन न करता लगेच राहिलेल्या गर्भात ही संधी हातची जाते. रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड किमान एक महिना आधीपासून, शक्य असेल तर तीन महिने आधीपासून हवं. लाल गोळी चालू असेल तर ते त्यातच आलं. औषधाच्या दुकानात ५ मिलिग्रॅमची गोळी सहज हातात ठेवतात, ती प्रत्येकीसाठी नाही. आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल, किंवा आईला मधुमेह वा फिटची औषधं चालू असतील, तर डॉक्टर ती देतात.

कॅल्शियमबद्दल मात्र निश्चिंत राहा. दूध पाजण्याच्या पहिल्या सहा महिन्यांत हाडांची घनता तीन ते पाच टक्के उतरते, पण दूध सुटल्यानंतर सहा ते बारा महिन्यांत ती आपोआप भरून येते.

तुमच्यासाठी लोहाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे गर्भाशयावरचा व्रण. बाहेरचा टाका पंधरा दिवसांत सुकला तरी आतला व्रण घट्ट व्हायला बरेच महिने लागतात. एका सिझेरियननंतर नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न केला तर कळांमध्ये हा व्रण फाटण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी असते. दोन प्रसूतींमध्ये दीड वर्षाहून कमी अंतर असेल तर ती दुप्पट-तिप्पट होते. आज गर्भ राहिला तर दुसऱ्या प्रसूतीच्या वेळी तुमची मुलगी सतरा महिन्यांची असेल, म्हणजे तुम्ही या धोक्याच्या पट्ट्यात येता. दुसऱ्यांदाही सिझेरियन करावं लागण्याची शक्यता त्यामुळे वाढते, आणि सासूबाईंच्या ‘एकदाच मोकळी’मध्ये हा खर्च धरलेला नाही. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. मुलं बरोबरीने वाढतात, बाळांचं सगळं एकदाच आटोपतं, आणि आईचं वय ३५च्या पुढे असेल तर डॉक्टरही दोन वर्षांऐवजी वर्ष-दीड वर्ष म्हणतात. तुमचं वय २७ आहे, तुमच्या हाती वेळ आहे.

मग मधला काळ कसा सांभाळायचा? दूध पाजण्यामुळे गर्भ न राहण्याची हमी तीन अटींवर टिकते: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी आलेली नाही, आणि बाळाला दुधाशिवाय दुसरं काही नाही, दिवसा चार तासांहून आणि रात्री सहा तासांहून मोठी फट नाही. तिन्ही पाळल्या तर ती ९८ टक्के खरी. एक जरी मोडली तर संपली. तुमच्या तिन्ही मोडल्या आहेत, तेव्हा आजपासूनच साधन हवं. पाळी न आलेल्या बाईनेही थांबून चालत नाही, कारण बीज पाळीच्या आधी सुटतं, आणि कित्येकींना पाळी न दिसताच दिवस जातात.

साधनं निवडताना रक्ताचा विचार करा. तांबी सोयीची आणि टिकाऊ आहे, पण पहिल्या काही महिन्यांत पाळीत रक्त जास्त जाऊ शकतं. हिमोग्लोबिन १०.४ असताना मी ती पहिली निवड म्हणून सुचवणार नाही. ‘छाया’ची गोळी सरकारी दवाखान्यात मोफत मिळते: पहिले तीन महिने आठवड्यातून ठरावीक दोन दिवस, नंतर आठवड्यातून एकदा. दुधावर तिचा परिणाम होत नाही. ‘अंतरा’ हे तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन पाळी कमी करतं, त्यामुळे रक्त वाचतं. मात्र ते बंद केल्यावर गर्भ राहायला शेवटच्या इंजेक्शनपासून सात ते दहा महिने लागू शकतात. मुलगी दोन वर्षांची झाल्यावर दुसऱ्याचा विचार असेल, तर शेवटचं इंजेक्शन ती सव्वा वर्षाची असतानाच घ्यावं लागेल, आणि त्यानंतरच्या तीन महिन्यांपुढे दुसरं साधन. नेहमीच्या मिश्र गोळ्या दूध चालू असताना पहिले सहा महिने टाळतात. आता त्या चालतील, पण आधी रक्तदाब मोजून घ्या.

आणि मध्येच राहिलं तर? पाळी आठवडाभर लांबली की तपासणी करा आणि सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी करून घ्या. गर्भ जुन्या व्रणावर तर रुजला नाही ना, हे तेव्हाच कळतं, आणि तो तिथे असेल तर उशीर परवडत नाही. पुढे पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत वार कुठे आहे ते मुद्दाम विचारा. वार खाली, व्रणावर असेल तर ती चिकटून बसण्याचा धोका असतो, आणि मग प्रसूती रक्तपेढी असलेल्या मोठ्या रुग्णालयातच ठरवावी लागते. पहिल्या तिमाहीत फॉलिक ॲसिड, चौथ्या महिन्यापासून लोह. हिमोग्लोबिन ११च्या खाली असेल तर रोज दोन गोळ्या, आणि महिन्याभरात एक ग्रॅमही वाढलं नाही तर शिरेतून लोह देता येतं. ते पहिल्या तिमाहीनंतरच. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत ‘प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियाना’त मोफत तपासणी होते. तिथे आधीचं सिझेरियन किती महिन्यांपूर्वी झालं हे पहिल्याच वाक्यात सांगा. मुलीचं दूध एकदम तोडायची गरज नाही. रक्त दिसलं किंवा वेळेआधी कळा यायला लागल्या, तरच डॉक्टर थांबवायला सांगतील. शेवटच्या महिन्यांत दोन कळांच्या मधल्या वेळेतही व्रणाच्या जागी दुखणं थांबत नसेल, रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर सकाळ होण्याची वाट न पाहता त्याच क्षणी निघा.

आज करायचं ते एवढंच. लाल गोळी पुन्हा सुरू करा, आशा दीदीकडे मिळेल. या आठवड्यात साधन ठरवा. चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन. मुलगी चौदा महिन्यांची होईल तेव्हा फेरिटिन. ते ६०च्या जवळ आलं तर रोजच्या गोळीऐवजी आठवड्याला एक, ३०च्या खाली राहिलं तर आणखी तीन महिने रोज. पुढच्या गर्भाचं ठरवण्याआधी तीन महिने पुन्हा रोज.